अठरावी ओळ

माझी धाकटी मुलगी चौतीस वर्षांची आहे आणि घरात तिला अजून बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती की नर्सने काट्यावर विश्वास न ठेवता दोनदा वजन केलं होतं. पुढे चांगलं विचारपूर्वक नाव ठेवलं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. शिकायला येणारी मुलं ताई म्हणतात. तिची उंची बेताची, आवाजही बेताचा, आणि गर्दीत ती हमखास कुणाच्या तरी मागे उभी असते. मला तिची काळजी वाटते. ती पाळण्यात होती तेव्हाही वाटायची आणि आता तिच्या कानामागे दोन पांढरे केस आलेत तरी वाटते. या काळजीपायी मी काय केलं, ते लिहून काढायला बसले आहे.

बारकी गेली अकरा वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलांना गणित शिकवते. चार ते आठ ते टेबल आमचं नसतं. ह्यांचा त्यावर एक ठरलेला विनोद आहे. कुणी पाहुणा आला की म्हणतात, "बसा, बसा, पण टेबलाला विचारून. आम्ही त्याचे भाडेकरू." ती आठवीपासून दहावीपर्यंतच्या मुलांना घेते, गणित आणि भौतिकशास्त्र. अकरावीची एखाददुसरी मुलगी येते, तीही पाया कच्चा राहिलेली. हुशार मुलं आमच्याकडे फारशी आलीच नाहीत. सगळीकडून हात टेकलेले आईबाप जिना चढून यायचे आणि मुलाच्या देखत सांगायचे, "याला काहीच येत नाही हो." बारकी त्यांना खाली पाठवून द्यायची. मग मुलाला म्हणायची, "येत नाही असं माझ्याकडे म्हणायचं नाही. कुठपर्यंत येतं ते दाखव. तिथून पुढचं माझं काम."

तिची एक मोठी, पुठ्ठ्याची वही आहे. प्रत्येक मुलाला दर वर्षी एक ओळ. ओळीत चार रकाने. पहिल्यात नाव, इयत्ता आणि शाळा, दुसऱ्यात आला तेव्हाचे गुण, तिसऱ्यात गेला तेव्हाचे. चौथ्या रकान्याच्या डोक्यावर तिने लिहिलं आहे, 'माझं काय चुकलं.' सत्तर-ऐंशी टक्के मिळवून गेलेल्या मुलांच्या ओळीतसुद्धा तो रकाना रिकामा नाही. 'भूमितीची भीती गेली असं समजले, गेली नव्हती.' 'हिला शाबासकी जास्त दिली, सराव कमी.' असं काहीबाही. मी एकदा म्हटलं, "अगं, हे वाचून तुझ्याकडे कोण मूल पाठवेल?" तर म्हणाली, "वाचायला देतंय कोण?"

या वर्षी तिच्याकडे तीनच मुलं उरली. एके काळी दोन पाळ्यांत चौदा असायची. मोठ्या चौकात बँकेच्या वर एक कोचिंग इन्स्टिट्यूट उघडलं आहे, दोन मजले घेऊन. मुलं शाळेतून परस्पर तिथे जातात, डबा तिथेच खातात, साडेआठला घरी येतात. आमच्या जिन्यापर्यंत पोहोचायला त्यांना दिवसच उरत नाही. बारकीने मध्यंतरी दोन शाळांत अर्ज केले होते. पूर्वी एका शाळेत, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी, आठ महिने तिने शिकवलं होतं. तेवढा एक दाखला सोडला तर तिच्याकडे काही नाही. घरच्या शिकवणीला कुठे अनुभव म्हणत नाहीत. अकरा वर्षं आणि दाखला आठ महिन्यांचा.

त्या इन्स्टिट्यूटचीच जाहिरात आली. गणिताचे शिक्षक हवेत. विषय, इयत्ता, गेल्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे निकाल, आणि डेमो लेक्चरसाठी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येऊ शकाल, हे कळवावे. मला वाटलं होतं ती नाक मुरडेल. पण तिने जाहिरात दोनदा वाचली आणि ताटातलं चिवडत म्हणाली, "आई, मला पुन्हा एकदा फळ्यासमोर उभं राहून शिकवायचंय. बारका असला तरी चालेल, पण वर्ग हवा."

ती स्वतःसाठी काही मागत नाही. लहानपणीही दुकानात बोट दाखवून हे हवं म्हणायची नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. तिला ही नोकरी मिळालीच पाहिजे असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं, जसं काही ठरवणारी मीच होते.

अर्जाचा मसुदा तिने हाताने लिहिला. टाइप करणार अर्थातच मी. मी एकतीस वर्षं एका कार्यालयात होते. टायपिस्ट म्हणून लागले, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. साहेब लोक मसुदा टाकायचे, मी तो 'नीट' करायचे, ते न वाचता सही ठोकायचे. त्यामुळे कुणाचाही कागद हातात आला की माझी बोटं आपोआप दुरुस्तीला लागतात. ह्यांचं म्हणणं, मी आमच्या लग्नपत्रिकेतही दोन वाक्यं बदलली होती. बदलली होती, आणि ती बदलायलाच हवी होती.

"जसंच्या तसं टाइप कर हं," बारकी म्हणाली. "आणि मेलनं पाठवून दे. माझी मुलं आलीत."

"सही?"

"माझी सही स्कॅन करून ठेवलीयस ना तू मागे. ती लाव."

ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मी आत कॉम्प्युटरपुढे बसले.

तिने मसुद्यात तेवीस मुलांची यादी दिली होती. मुलांची नावं नव्हती, नुसते क्रमांक, इयत्ता, शाळा आणि वर्ष. ते मला पटलं, दुसऱ्याच्या मुलांची नावं कशाला चव्हाट्यावर आणायची? पण वहीतले चारही रकाने तिने जसेच्या तसे उतरवले होते. नोकरीच्या अर्जात 'माझं काय चुकलं'! आणि अठराव्या ओळीत हे होतं:

'दहावी. आला तेव्हा बावीस, गेला तेव्हा एकतीस. नापास. माझं काय चुकलं: उशिरा आला म्हणून त्रिकोणमिती अकरा दिवसांत उरकली. आकृतीत अडला की पाणी मागतो. हे माझ्या लक्षात परीक्षा झाल्यावर आलं.'

त्या मुलाला मी ओळखत होते. आम्ही त्याला पाणीवाला म्हणायचो. दर दहा मिनिटांनी, "काकू, पाणी." मी तांब्या भरून ठेवायचे. मला वाटायचं पोराच्या अंगात उष्णता आहे. त्याच्या आईला एकदा सब्जा द्यायलाही सांगितलं होतं.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. बाहेर बारकीचा हळू आवाज येत होता, कुणाला तरी अपूर्णांक समजावत होती. मला डोळ्यांपुढे दिसलं, कुणीतरी अनोळखी माणूस खुर्चीत रेलून हा कागद वाचतोय, 'नापास' या शब्दावर थांबतोय आणि कागद बाजूला सारतोय. कार्यालयात मी असे हजारो अर्ज बाजूला सारले जाताना पाहिले आहेत. काही तर मीच सारले आहेत.

मी चौथा रकाना काढून टाकला. मग अठरावी ओळ काढली. एकोणिसाव्याचं अठरा केलं, विसाव्याचं एकोणीस, असं शेवटपर्यंत. वर 'एकूण विद्यार्थी तेवीस' होतं तिथे बावीस केलं. आकडा चुकू नये म्हणून दोनदा मोजलं. शेवटी तिने लिहिलं होतं, 'डेमोसाठी मंगळवार किंवा गुरुवार, सकाळी अकरा ते एक. संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्यांचा वेळ असतो.' हे फार ताठ वाटलं. नोकरी मागणाऱ्याने अटी घालू नयेत. मी लिहिलं, 'कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी उपस्थित राहू शकेन.' सही लावली आणि पाठवून दिलं.

"सगळं घातलंस ना?" आठ वाजता तिने विचारलं.

"घातलं," मी म्हटलं.

पाच दिवसांनी, सोमवारी, फोन आला. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता, वीस मिनिटं, विषय उद्या कळवू. बारकीने फोन ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "संध्याकाळी पाच? मी तर मंगळवार-गुरुवार लिहिलं होतं."

"त्यांची सोय असते गं काहीतरी," मी पातेल्यात डोकं घालून म्हटलं.

"तिघांची चाचणी आहे गुरुवारी." पण तिने तिघांच्याही घरी फोन केले, बुधवारऐवजी मंगळवारी जादा वेळ बोलावलं. त्या दिवशी बोलले असते तर अजून वेळ होती. मी गॅस पुसत राहिले.

मंगळवारी विषय कळला, उंची आणि अंतरे. रात्रीची जेवणं झाल्यावर तिने कपाटाच्या दारावर खडूने मनोरा काढला आणि बाबांना विद्यार्थी म्हणून समोर बसवलं. एका माणसाला मनोऱ्याचं टोक तीस अंशांच्या कोनात दिसतं. तो चाळीस मीटर पुढे चालत गेला की साठ अंशांत दिसतं. तर मनोरा किती उंच?

"कळलं," ह्यांनी मान हलवली. "मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल."

"बाबा, तुम्ही नुसती मान हलवताय."

"वर्गातही हेच करायचो मी. म्हणून तर पास झालो."

बारकी हसली. त्या आठवड्यात ती अशी हसलेली मी तेवढं एकदाच पाहिलं.

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. ती नको म्हणत होती, पण मला घरी बसवेना. इन्स्टिट्यूटच्या स्वागतकक्षात गुळगुळीत फरशी, थंड हवा, आणि एक भिंत पूर्ण मुलांच्या फोटोंनी भरलेली, प्रत्येकाखाली टक्के. नव्वदच्या खाली एकही नाही. टेबलामागच्या मुलीने रजिस्टरमध्ये सही घेतली आणि बारकीला आत नेलं. मला म्हणाली, "काकू, तुम्ही इथे बसा. इथून दिसतं."

तिथे भिंतीवर एक स्क्रीन होता. नऊ चौकोन, प्रत्येकात एकेक वर्ग. पालकांसाठी लावलेला, आवाज नसलेला. सहाव्या चौकोनात मला बारकी दिसली. वरून, कोपऱ्यातून, अंगठ्याएवढी. तिच्यासमोर पंधराएक मुलं, आणि मागच्या बाकावर दोन माणसं. एक चष्मा डोक्यावर सरकवलेले गृहस्थ, म्हणजे गणिताचे विभागप्रमुख, आणि घड्याळ लावून टिपणं घेणारी एक तरुण बाई.

"ही कुठली मुलं?" मी टेबलामागच्या मुलीला विचारलं.

"रिपीटर बॅच. दहावीला पुन्हा बसणारी. संध्याकाळच्या डेमोला यांचाच वर्ग मोकळा असतो. सकाळचा डेमो असता तर नववीची मुलं दिली असती."



बारकीने मनोरा काढला. दोन त्रिकोण काढले. मुलं वह्यांत उतरवत होती. सगळं ठीक चाललं होतं. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. लांब मान, उभे राहणारे केस. बारकीचा खडू फळ्यावरच थांबला.

मला आवाज येत नव्हता. पण तो काय म्हणाला ते मी अकरा फुटांवरून, आवाजाशिवाय, सांगू शकले असते. त्याने पाणी मागितलं होतं.

मागच्या बाकावरच्या सरांनी दाराकडे बोट केलं, जा, पिऊन ये, अशी खूण. मुलगा उठला. बारकीने हात आडवा केला. त्याच्याजवळ गेली, त्याच्या वहीत पाहिलं, आणि मग त्याला हाताला धरून वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. फळ्याकडे बोट दाखवून काही विचारलं. त्याला चालायला लावलं. तो पावलं मोजत आला, मधे थांबला. तिने तिथे जमिनीवर खडूने रेघ ओढली. पुन्हा काही विचारलं. मुलगा मागे वळून आपण चालत आलो ते अंतर पाहू लागला, मग पुढे फळ्यापर्यंत उरलेलं अंतर. असं त्याने तीनदा केलं. मग तो धावत जागेवर गेला आणि वहीत खोडाखोड करू लागला. इतर मुलं उठून ती रेघ बघायला आली. तरुण बाईने घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं संपली होती आणि फळ्यावर मनोऱ्याची उंची अजून निघाली नव्हती.

आत काय बोलणं झालं ते बारकीने मला नंतर सांगितलं, अगदी थोडक्या शब्दांत. तो मुलगा मोठ्या त्रिकोणाचा पाया चाळीसच धरत होता. आधी चाललेलं अंतर आणि पुढे उरलेलं अंतर, दोन्ही मिळून पाया होतो, हे त्याच्या आकृतीत उतरत नव्हतं. गेल्या वर्षीही तो तिथेच अडत होता. अकरा दिवसांत तिला ते दिसलं नव्हतं.

मग सर पुढे आले. त्यांनी विचारलं, "तुम्ही याला ओळखता का?"

"माझा विद्यार्थी होता," बारकी म्हणाली. "माझ्याकडून नापास झाला. यादीत आहे, अठरावा." आणि त्या मुलाकडे वळून म्हणाली, "तुझ्याबद्दल लिहिलंय मी."

स्क्रीनवर मी पाहिलं, सरांनी फाईलमधून कागद काढला. बोट खाली नेलं, थांबवलं. पुन्हा वरपासून खाली नेलं. मग कागद बारकीपुढे धरला. तिने पाहिला. किती वेळ पाहिला कोण जाणे. मग मान वर केली, आणि तिच्या नकळत तिची नजर नेमकी कॅमेऱ्यात आली. नऊ चौकोनांतल्या एका चौकोनातून माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

आम्ही बाहेर आलो. जिना उतरलो, चौक ओलांडला. औषधाच्या दुकानापाशी मी म्हटलं, "बारके, मी सांगते त्यांना. आत्ता जाते आणि सांगते."

"आता नको."

"तू काय सांगितलंस?"

"यादी मी दिलीय, असं."

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"सही माझी आहे ना खाली."

बरंच अंतर चालून गेल्यावर ती थांबली. "तो समोर बसला होता, आई. मी त्याला म्हणाले, तू आहेस यादीत. आणि सरांनी सगळ्यांसमोर शोधलं, आणि तो नव्हता. ओशाळून खाली बघत बसला. मला त्याच्याकडे बघवेना."

 तिला नोकरी मिळावी एवढंच मी पाहिलं होतं. त्या मुलाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. तांब्याभर पाणी मी त्याला रोज दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती वही उचलली. वाटलं, ही घेऊन जावं, सरांपुढे ठेवावं, बघा म्हणावं. पिशवीत घातलीही. मग आपलं पुन्हा काय चाललंय ते माझं मलाच कळलं. वही बाहेर काढून तिला विचारलं, "नेऊ का?"

"नको," ती म्हणाली. "त्यात मुलांची नावं आहेत."

"मग मी नुसती जाऊन येऊ?"

तिने खांदे उडवले. मी त्याला हो धरलं.

विभागप्रमुखांनी मला स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. अर्ज कुणी बदलला, कसा बदलला, वेळसुद्धा. कार्यालयातल्या एकतीस वर्षांचंही सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू," ते म्हणाले, "आमच्याकडे महिन्याला चाळीस अर्ज येतात. नापास झालेलं मूल एकाही अर्जात नसतं. आमच्या भिंतीवरही नाही, पाहिलं असेलच तुम्ही."

"मग तिचं चुकलं कुठे?"

"कागद एक म्हणतो आणि त्या दुसरं म्हणतात. हे मी वर्गात, मुलांसमोर पाहिलं. आता मला तसं संचालकांना कळवावं लागेल. तुम्ही आलात तेही कळवीन."

मी विचारू नये ते विचारलं. "मूळ यादी आली असती तर बोलावलं असतंत का तिला?"

त्यांनी चष्मा डोक्यावरून काढून पुसला. "मी बोलावलं असतं, बहुतेक. संचालकांनी नसतं. खरं सांगायचं तर मलाही खात्री नाही."

म्हणजे माझी भीती खोटी नव्हती. यात मला जरा समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"डेमो कसा झाला?"

"वेळेत पुरा झाला नाही. ते गुण कापले जातात." मग म्हणाले, "हा मुलगा सहा महिने माझ्या वर्गात आहे. त्याने पाणी मागितलं की मी त्याला बाहेर पाठवतो. तुमच्या मुलीनं त्याला आत थांबवलं. हे त्यांनी लिहून ठेवलेलं होतं म्हणता?"

"चौथ्या रकान्यात," मी म्हटलं. "तो मी काढून टाकला."

त्यांनी मान हलवली. चहा तसाच राहिला होता, मी एका दमात पिऊन टाकला आणि निघाले.

शनिवारी मेल आला. अर्जातील माहिती व प्रत्यक्ष माहिती यांत तफावत आढळल्याने या सत्रासाठी अर्ज विचारात घेता येत नाही. पुढील सत्रासाठी नव्याने अर्ज करता येईल. वाक्यरचना चोख होती, मीही अशीच केली असती. तासाभराने सरांचा वेगळा फोन आला, बारकीला. ती "हो सर, हो सर" एवढंच म्हणत होती. फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"पुन्हा अर्ज करा म्हणाले. यादी जशी आहे तशी पाठवा, माझ्या नावे पाठवा. घेतीलच असं नाही."

"पुढचं सत्र म्हणजे?"

"पाच महिने."

पाच महिने, तीन मुलं. त्यातली दोन दहावीची आहेत, परीक्षा झाली की जाणार. हे सगळे हिशेब घरात मीच मनातल्या मनात करते, बाकीचे दोघे करत नाहीत असं मला उगाचच वाटतं.

त्या दिवसांत बारकी माझ्याशी बोलत होती. दूध आलं का, किल्ली कुठे आहे, बाबांची गोळी झाली का. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज रविवार. दुपारी जेवणं झाल्यावर ती कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. मी म्हटलं, "दे, मी करते. एका अक्षराला हात लावणार नाही, शपथ."

"नको, मी करते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

तिला टाइप करता येत नाही. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधते. मी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले. आतून टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक टक. चुकलं की जीभ टाळ्याला लावायचा तिचा आवाज, मग पुन्हा पहिल्यापासून. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हात बांधून ठेवू का?" मी खरोखरच हात पदराखाली घेतले होते.

दीड तास असा गेला. मग टकटक थांबली. मला वाटलं झालं, म्हणून वाकून दारातून पाहिलं. पण तिने माझी जुनी फाईल उघडली होती, माझ्या बावीस ओळींची, आणि त्यातच दुरुस्ती करत होती. पहिले तीन रकाने तिला तयार मिळाले होते, चौथा तिने नवा भरला होता, एकेका मुलासमोर. आता ती खुर्चीतून अर्धी वळून दाराकडे पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "मधे ओळ कशी घालायची?"

मी उठले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. "सतराव्या ओळीवर ये," मी सांगितलं. "उजवं बटण दाब. एक यादी येईल. त्यात ओळ घाला असं असेल. खाली घाला."

तिने दाबलं. सतरा आणि अठराच्या मधे एक पांढरी, रिकामी ओळ आली.

"आता खालचे सगळे आकडे एकेकाने वाढव," मी म्हटलं. "आणि वर तेवीस कर."

"ते माहितीय," ती म्हणाली, आणि वाकून त्या रिकाम्या ओळीत पहिलं अक्षर शोधू लागली.